360 डिग्री फीडबॅक: सहकाऱ्याबद्दलच्या चार ओळी कशा लिहाव्यात

पहिल्यांदा असा फॉर्म आला की बहुतेकांचं एकच होतं. सहा सहकाऱ्यांची नावं, प्रत्येकापुढे वीस-पंचवीस प्रश्न, एक ते पाच गुण आणि शेवटी दोन रिकामे चौकोन: ‘काय चांगलं करतात’ आणि ‘काय सुधारता येईल’. गुणांचा भाग पटापट भरून होतो. हात थांबतो तो त्या चौकोनांपाशी. खरं लिहावं तर समोरचा दुखावेल, गोड लिहावं तर लिहून उपयोग काय? मग शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी ‘उत्तम सहकारी, संवाद थोडा सुधारावा’ असं काहीतरी टाकून आपण मोकळे होतो.

मी बरीच वर्षं असे अहवाल लोकांना समजावून सांगण्याचं काम केलं आहे. अहवाल हातात आल्यावर माणूस आलेख आणि सरासऱ्यांवरून नुसती नजर फिरवतो आणि थेट शेवटच्या पानांवरच्या शब्दांकडे जातो. एकेक ओळ दोनदा-तीनदा वाचतो. ‘हे कुणी लिहिलं असेल’ याचा अंदाज घेतो. त्या चौकोनात तुम्ही पाच मिनिटांत जे लिहाल ते समोरचा कित्येक महिने मनात वागवणार आहे. म्हणून या लेखात गुणांचा भाग थोडक्यात आटोपते आणि त्या चार ओळींवर थांबते, त्यातही ‘काय सुधारता येईल’ या चौकोनावर. उदाहरण मी स्वतः एका सहकाऱ्याबद्दल लिहिलेल्या अभिप्रायाचं घेते. तो लिहायला मला तीन वेळा बसावं लागलं होतं.

लिहिण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या

360 डिग्री फीडबॅकमध्ये, म्हणजे बहुस्तरीय मूल्यमापनात, साधारणपणे स्वतः ती व्यक्ती, तिचे वरिष्ठ, बरोबरीचे सहकारी आणि हाताखालचे लोक असे गट असतात. काही ठिकाणी ग्राहकांनाही विचारतात. तुम्ही सहकाऱ्यांच्या गटात आहात असं धरून चालू.

तर एक, तुमचे शब्द जसेच्या तसे अहवालात छापले जातात की कुणी त्यांचा सारांश करतं? बऱ्याच ठिकाणी ते जसेच्या तसे जातात, अगदी टायपिंगच्या चुकांसकट. दोन, गटात किमान किती जणांनी भरलं तर तो गट वेगळा दाखवला जातो? ही संख्या बहुधा तीन असते. त्याहून कमी जण असले तर गट दुसऱ्यात मिसळतात किंवा दाखवतच नाहीत. तीन, हा अहवाल फक्त त्या व्यक्तीला मिळणार की वरिष्ठांनाही? आणि चार, तो शिकण्यापुरता आहे की पगारवाढ आणि बढतीशी जोडलेला आहे? चौथ्या प्रश्नाच्या उत्तराने तुमचं म्हणणं बदलू नये, पण शब्दांचं वजन नक्की बदलतं. पगाराशी जोडलेल्या अहवालात ‘कधीकधी’ आणि ‘नेहमी’ यांतल्या फरकाने एखाद्याचं खरंच नुकसान होऊ शकतं.

हे प्रश्न मनुष्यबळ विभागाला विचारण्यात गैर काही नाही. उत्तर नीट मिळालं नाही, तर शब्द जसेच्या तसे आणि सगळ्यांपर्यंत जाणार असं समजूनच लिहा.

पहिली पायरी: मत बाजूला ठेवून प्रसंग आठवा

माझा सहकारी दर महिन्याच्या अहवालासाठी आकड्यांचा तक्ता बनवायचा. तो तक्ता घेऊन मी सादरीकरण तयार करायचे. माझी तक्रार होती की तक्ता दिल्यावरही तो आकडे बदलतो आणि सांगत नाही. फॉर्म उघडला तेव्हा माझ्या मनात एकच वाक्य घोळत होतं: ‘हा माणूस दर वेळी शेवटच्या क्षणी घोळ घालतो.’

मग मी जुने मेसेज आणि मेल चाळले. मूल्यमापनाचा काळ सहा महिन्यांचा होता, म्हणजे सहा अहवाल. त्यातल्या तीन वेळा तक्ता दिल्यानंतर आकडे बदलले होते. या तीनपैकी एकदा त्याने कळवलं होतं, पण ज्या ग्रुपवर कळवलं त्यात मी नव्हते. उरलेल्या दोन वेळा मात्र खरोखर काहीच कळवलं नव्हतं. म्हणजे माझं ‘दर वेळी’ हे सहापैकी दोनदा होतं. त्यातला एक प्रसंग अगदी गेल्या महिन्यातला आणि सादरीकरणाच्या ऐन सकाळचा असल्यामुळे तोच सगळ्या सहा महिन्यांवर पसरला होता. नुकतं घडलेलं आणि त्रास दिलेलं मोठं दिसतं, हा स्मरणशक्तीचा स्वभावच आहे. त्यावर मेल आणि कॅलेंडर चाळण्याखेरीज दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

चाळताना आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिने माझा अभिप्रायच बदलला. तिन्ही वेळा आकडे बदलण्यामागे कारण होतं. तक्ता देऊन झाल्यावरही तो मूळ नोंदींशी ताळा करत बसायचा आणि त्यात त्याला चूक सापडायची. बदललेला आकडा प्रत्येक वेळी बरोबर होता. ज्या सवयीचा मला त्रास होत होता, तिच्यामुळेच आमचे अहवाल बिनचूक जात होते.

तुम्हीही प्रत्येक सहकाऱ्यासाठी निदान दोन-तीन प्रसंग असे लिहून काढा: कधी, काय केलं किंवा काय बोलले, त्याने काय झालं. एकही प्रसंग आठवत नसेल तर तो चौकोन रिकामा ठेवा किंवा ‘या बाबतीत मला जवळून पाहायला मिळालेलं नाही’ असं लिहा. ऐकीव गोष्ट कितीही खरी वाटली तरी ती दुसऱ्याची आहे, आणि तो दुसरा बहुधा स्वतःचा फॉर्म भरतोच आहे. एकच तक्रार दोन फॉर्मांतून आली की वाचणाऱ्याला ती दोघांची वाटते.

दुसरी पायरी: मनातलं आधी कागदावर येऊ द्या, फॉर्मवर नको

माझा पहिला खर्डा असा होता:

‘आकडे शेवटच्या क्षणी बदलतात आणि कुणाला सांगतही नाहीत. इतरांच्या वेळेची किंमत नाही. बेजबाबदार वागणूक.’

हे लिहून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. पण वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. ‘बेजबाबदार’ वाचल्यावर तो सोमवारी नेमकं काय वेगळं करेल? रात्री आठ वाजेपर्यंत थांबून ताळा करणारा माणूस स्वतःला जबाबदारच समजतो. तो हे वाक्य मनात खोडून काढेल आणि त्याच्याबरोबर पूर्ण अभिप्रायही.

दुसऱ्या दिवशी अपराधी वाटलं म्हणून दुसऱ्या टोकाला गेले:

‘अत्यंत मेहनती, अभ्यासू आणि मनमिळाऊ. त्यांच्याकडून खूप शिकायला मिळतं. संवाद थोडा अधिक वाढवला तर सोन्याहून पिवळं.’

हे वाचून कुणी दुखावणार नाही. पण ‘संवाद वाढवा’ म्हणजे काय? जास्त बोला? बैठकीत मत मांडा? मेल लिहा? मी असे अहवाल समजावून देताना समोरच्यांनी ‘संवाद सुधारा’ या ओळीवर बोट ठेवून ‘म्हणजे मी करू काय?’ असं कितीदा विचारलंय, आणि लिहिणारा समोर नसल्यामुळे मला उत्तर देता आलेलं नाही.

कठोर खर्डा आणि गोड खर्डा एकमेकांच्या उलट वाटतात, पण दोष एकच आहे. दोन्हीत माणसाबद्दलची विशेषणं आहेत आणि त्याने केलेलं काम कुठेच नाही.

हा फरक शैलीपुरता नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी 1996 साली फीडबॅकवरच्या आधीच्या अभ्यासांतले सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने पाहिलं तर फीडबॅकमुळे काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांची मांडणी अशी की फीडबॅकमुळे माणसाचं लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की त्याचा उपयोग कमी होतो. विशेषणं नेमकं हेच करतात, निंदेचीही आणि स्तुतीचीही.

तिसरी पायरी: प्रसंग, वागणं, परिणाम, मग एक मागणी

अभिप्राय लिहिण्यासाठी एक साधी चौकट बरीच वापरात आहे. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने ती रूढ केली: आधी प्रसंग सांगा, मग दिसलेलं वागणं, मग त्याचा परिणाम. मी तिला शेवटी एक मागणी जोडते, कारण लेखी अभिप्रायात समोरच्याला उलट विचारता येत नाही.

वागण्याची कसोटी सोपी आहे. कॅमेऱ्यात जे दिसलं किंवा ऐकू आलं असतं ते वागणं, बाकी सगळा आपला अर्थ. ‘इतरांच्या वेळेची किंमत नाही’ हे कॅमेऱ्यात दिसत नाही. ‘तक्ता पाठवल्यानंतर दोन आकडे बदलले आणि बदल कळवला नाही’ हे दिसतं.

परिणामात फक्त तुम्हाला खरोखर दिसलेलं लिहा. माझ्या बाबतीत सादरीकरणाच्या वीस मिनिटं आधी चौथ्या पानावरची बेरीज जुळत नसल्याचं लक्षात आलं आणि तीन पानं घाईने बदलावी लागली. ‘कंपनीची प्रतिमा धोक्यात आली’ असं लिहिण्याचा मोह झाला होता. पण ग्राहकाला त्यातलं काही कळलंही नव्हतं, तेव्हा ते लिहिणं खोटं झालं असतं. परिणाम फुगवला की वाचणाऱ्याला ती फुगवट पहिल्यांदा दिसते, आणि मग खऱ्या वीस मिनिटांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

मागणी एकच ठेवा, आणि ती इतकी छोटी ठेवा की पुढच्या महिन्यात झाली की नाही हे दोघांनाही सांगता येईल. मी दुसऱ्यांदा विचार केला तेव्हा कळलं की ‘आकडे शेवटी बदलू नका’ ही मागणीच चुकीची होती. चूक सापडल्यावर आकडा बदललाच पाहिजे. मला हवं होतं ते एवढंच, की बदल झाल्यावर कुणीतरी सांगावं. तिसरा खर्डा असा झाला:

‘मासिक अहवालाचा तक्ता दिल्यानंतरही ते मूळ नोंदींशी ताळा करतात आणि त्यातून चुका सापडतात. हे काम त्यांनी चालू ठेवावं. मात्र या सहा महिन्यांत दोन वेळा तक्ता पाठवल्यानंतर बदललेले आकडे पुढे काम करणाऱ्यांना कळले नाहीत. एकदा सादरीकरणाच्या वीस मिनिटं आधी मला तीन पानं बदलावी लागली. तक्ता दिल्यानंतर आकडा बदलला तर कोणता आकडा, आधी किती आणि आता किती, एवढी एक ओळ तक्ता वापरणाऱ्या सर्वांना पाठवली तर पुरेसं होईल.’

यात कौतुक आहे, पण ते तक्रारीवर साखर म्हणून नाही. ते नसतं तर त्याने ताळा करणंच बंद केलं असतं, आणि आमचे अहवाल वेळेवर पण चुकीचे गेले असते. सुधारणा सुचवताना त्या वागण्यातलं काय जपायला हवं हेही सांगा. बरेचदा त्रास देणारी सवय आणि उपयोगी सवय एकाच मुळातून येतात, आणि नुसता त्रास लिहिला की माणूस मूळच उपटून टाकतो.

हा खर्डा जवळजवळ पुरा होता. त्यात अजून एक अडचण होती, तिच्याकडे थोड्या वेळाने येते.

चौथी पायरी: मराठीतले छोटे शब्द तपासा

कठोरपणा मोठ्या शब्दांत असतो असं आपण समजतो. मराठीत तो बऱ्याचदा एका अक्षरात असतो. ‘ते मेलला उत्तर देत नाहीत’ आणि ‘ते मेलला उत्तर देतच नाहीत’ ही दोन वाक्यं वाचून पाहा. पहिलं माहिती देतं, दुसरं वैताग. समोर बसून बोलताना चेहऱ्यावरच्या हसण्याने तो ‘च’ सौम्य होतो, कागदावर त्याला सोबत कुणी नसतं. खर्डा झाला की प्रत्येक ‘च’वर बोट ठेवा आणि तो काढून वाक्य वाचा. अर्थ बदलत नसेल तर तो नको.

‘तरी’ आणि ‘निदान’ यांचंही तसंच. ‘निदान बैठकीला तरी वेळेवर यावं’ या वाक्यात न लिहिलेलं दुसरं वाक्य दडलेलं आहे: बाकी काही तुमच्याकडून होत नाही. यालाच आपण टोमणा म्हणतो. ‘बैठक सुरू होण्याआधी पाच मिनिटं आल्यास सुरुवातीचे निर्णय पुन्हा सांगावे लागणार नाहीत’ यात टोमणा उरत नाही, आणि मागणी मात्र अधिक स्पष्ट होते.

क्रियापदाचा काळही पाहा. ‘सांगायला हवं होतं’ मागे बोट दाखवतं, आणि झालेल्या गोष्टीचं आता काही करता येत नाही. ‘सांगितल्यास’, ‘सांगता आलं तर’ पुढे पाहतं.

आणि गोडव्याचे शब्द: ‘थोडंसं’, ‘जरासं’, ‘कधीमधी’, ‘तसं काही विशेष नाही, पण’. एखादा चालतो. तीन एकत्र आले की तुम्ही म्हणणं मागे घेताय असं वाटतं, आणि वाचणारा ते आनंदाने मागे घेऊ देतो. सहापैकी दोनदा झालं असेल तर ‘दोन वेळा’ लिहा. ‘नेहमी’ म्हणजे आरोप आणि ‘क्वचित’ म्हणजे सारवासारव, आकड्यात मात्र दोन्ही नसतात.

स्तुतीनंतरच्या ‘पण’बद्दल लोक मला फार विचारतात. मोठ्या कौतुकानंतर ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं, हे खरं. त्याला शब्द बदलणं हे औषध नाही. कौतुक त्याच प्रसंगातलं आणि खरं असेल तर ‘पण’ लिहिलात काय, ‘मात्र’ लिहिलात काय, खुपत नाही. वरच्या खर्ड्यात मीही ‘मात्र’ वापरलाच आहे.

पाचवी पायरी: ओळख झाकायची तर काय सोडायचं

आता ती राहिलेली अडचण. ‘सादरीकरणाच्या वीस मिनिटं आधी मला तीन पानं बदलावी लागली.’ सादरीकरण करणारी मी एकटी होते. या वाक्याखाली सही केल्यासारखंच होतं.

इथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींशी भांडतात. प्रसंग जितका नेमका, तितका अभिप्राय उपयोगी. आणि जितका नेमका, तितकी तुमची ओळख उघडी. यावर हमखास तोडगा नाही, निवड करावी लागते.

पहिला मार्ग, वागणं आणि मागणी नेमकी ठेवायची आणि फक्त परिणामाची धार कमी करायची. ‘एकदा सादरीकरणाच्या वीस मिनिटं आधी मला तीन पानं बदलावी लागली’ याऐवजी ‘त्यामुळे पुढचं काम ऐनवेळी पुन्हा करावं लागलं’. तारीख, वेळ, पानाचा आकडा, बैठकीचं नाव ही माहिती समोरच्याला बदलण्यासाठी लागत नाही, ओळखण्यासाठी मात्र पुरते. मागणी तेवढीच स्पष्ट राहिल्यामुळे उपयोग फारसा कमी होत नाही.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो: फॉर्म भरण्याआधी जाऊन बोलायचं. तुमचं आणि त्या सहकाऱ्याचं बरं जमत असेल तर दहा मिनिटांचं बोलणं कुठल्याही फॉर्मपेक्षा जास्त काम करतं, आणि मग फॉर्ममध्ये तेच लिहिताना लपवायचं काही राहत नाही. वर्षभर तोंड न उघडता सगळं अहवालात ओतणं मला योग्य वाटत नाही. समोरच्याला त्यातून पहिली गोष्ट हीच कळते की शेजारी बसणाऱ्याने इतके दिवस आपल्याला काही सांगितलं नाही.

पण बोलणं शक्य नसतं अशी नातीही असतात. तेव्हा पहिला मार्ग, आणि त्यात मराठीने लावलेला एक सापळा सांभाळा. आपलं क्रियापद लिंग सांगतं. ‘मी तीन वेळा आठवण केली होती’ चालेल, कारण तिथे क्रियापद आठवणीप्रमाणे चालतं. ‘मी थांबले होते’ किंवा ‘मी थांबलो होतो’ लिहिलंत की पाच सहकाऱ्यांतली एकच बाई किंवा एकच पुरुष लगेच कळतो. ‘मला थांबावं लागलं’, ‘माझ्या पाहण्यात आलं’, ‘काम थांबून राहिलं’ अशी वाक्यरचना केली की प्रश्न सुटतो. तुमचे ठेवणीतले शब्द, बोलण्यातली विशिष्ट लकब, तीन-तीन उद्गारचिन्हं, सगळे मेल ज्या शब्दाने संपवता तो शब्द, यांवरूनही लोक ओळखतात. मी लोकांना अंदाज बांधताना पाहिलं आहे. चुकीच्या माणसावर संशय जातो तेव्हा तर फारच वाईट होतं. म्हणून दुसऱ्या कुणाची शैली चुकूनही उसनी घेऊ नका.

कौतुकालाही हीच शिस्त

‘काय चांगलं करतात’ हा चौकोन लोक उरकून टाकतात. ‘टीम प्लेअर’, ‘सकारात्मक’, ‘सगळ्यांना सांभाळून घेतात’. यातला प्रत्येक शब्द खरा असू शकतो, पण खुशामत आणि कौतुक यांत फरक एकच आहे: कौतुकाला प्रसंग असतो. ‘नवीन माणसाला मदत करतात’ यापेक्षा ‘नवीन आलेल्यांना पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास देऊन जुनी प्रकरणं समजावून सांगतात, त्यामुळे ते तिसऱ्या आठवड्यात स्वतंत्रपणे काम घेऊ लागले’ हे वाचून त्या माणसाला कळतं की तो अर्धा तास वाया जात नाहीये, आणि कामाच्या गडबडीत तो बंद करू नये. वरिष्ठ अहवाल वाचत असतील तर कदाचित त्यांनाही हे पहिल्यांदाच कळतं.

आवडत्या सहकाऱ्याबद्दल सुधारण्याचं काही सुचत नसेल तर ओढूनताणून शोधू नका. त्याऐवजी ‘हे आणखी कुठे करता येईल’ असं लिहा. तीही सूचनाच आहे.

गुणांबद्दल थोडंसं

एखादा माणूस आवडला की आपण त्याला सगळ्या प्रश्नांत चार-पाच देतो आणि खटकला की सगळीकडे दोन. 1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवून दिलं होतं. सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा वेगवेगळ्या गोष्टींचे गुण द्यायचे, आणि ते एकमेकांशी जरुरीपेक्षा जास्त जुळत होते. याला ‘हॅलो इफेक्ट’ म्हणतात. व्यवहारात उपाय असा की एका माणसाचे सगळे प्रश्न सलग भरण्याऐवजी एक प्रश्न घ्या आणि सहाही जणांना त्यावर गुण द्या, मग पुढचा प्रश्न. फॉर्म तसं करू देत नसेल तर आधी कागदावर करा. जे पाहिलेलं नाही तिथे मधला तीन देऊ नका, ‘सांगता येत नाही’ हा पर्याय असेल तर तो निवडा. तीन हाही गुणच आहे आणि तो सरासरीत मोजला जातो.

आणि गुण व शब्द एकमेकांशी बोलतात ना ते पाहा. शब्दांत गंभीर तक्रार आणि गुण सगळे पाच, असं असलं की वाचणारा गोंधळतो आणि सोयीचं ते खरं धरतो.

जे या फॉर्मचं नाही

छळ, भेदभाव, पैशांतला गैरव्यवहार, सुरक्षेचा धोका यांपैकी काही पाहिलं असेल तर ते इथे लिहून मोकळं होऊ नका. हा अहवाल आठवड्यांनी तयार होतो, नावाशिवाय येतो आणि चौकशी करायची तर विचारायला माणूस सापडत नाही. त्यासाठीच्या तक्रार समितीकडे किंवा मनुष्यबळ विभागाकडे वेगळं आणि लवकर जा.

घरचे प्रश्न, तब्येत, कपडे, बोलण्याची ढब, स्वभाव याही गोष्टी बाहेर ठेवा. ‘अबोल आहेत’ ही सुधारण्याची गोष्ट नाही. ‘आक्षेप बैठकीत न मांडता निर्णय झाल्यावर सांगतात’ ही असू शकते.

पाठवण्याआधी

एक रात्र मध्ये जाऊ द्या. म्हणून फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका. माझ्या अंदाजाने एका माणसाला अर्धा तास लागतो, सहा जण असतील तर दिवसाला दोन करा. सकाळी खर्डा मोठ्याने वाचा, समोर ती व्यक्ती बसली आहे असं समजून. जिथे आवाज आपोआप खाली जातो तिथे काहीतरी बोचरं आहे. जिथे तुम्हाला स्वतःलाच लाज वाटते तिथे बहुधा खुशामत आहे. आणि प्रत्येक सूचनेखाली विचारा: हे वाचून तो पुढच्या आठवड्यात नेमकं काय करेल? उत्तर एका वाक्यात आलं नाही तर सूचना अजून तयार नाही.

मी शेवटी पाठवलेला मजकूर असा होता:

‘मासिक अहवालाचा तक्ता दिल्यानंतरही ते मूळ नोंदींशी ताळा करतात आणि त्यातून चुका सापडतात. हे काम त्यांनी चालू ठेवावं. या सहा महिन्यांत दोन वेळा मात्र तक्ता पाठवल्यानंतर झालेला बदल पुढे काम करणाऱ्यांपर्यंत पोचला नाही, त्यामुळे ऐनवेळी काम पुन्हा करावं लागलं. आकडा बदलल्यावर कोणता, आधी किती आणि आता किती, एवढी एक ओळ तक्ता वापरणाऱ्या सर्वांना पाठवल्यास पुरेसं होईल.’

अहवाल वाटले गेल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात तक्ता आला आणि दोन तासांनी त्याचा मेल आला. आम्ही तक्ता वापरणारे चौघंही त्यात होतो. मजकूर एका ओळीचा: कोणता आकडा, आधी किती, आता किती.